विषय: नवीन थ्रीडी प्रिंटरची फ्रेम तडकलेली आणि एक्स्ट्रूडर टकटक करतोय, पूर्ण मशीन बदलून द्या

नमस्कार,

सोमवारी दुपारी पार्सल आलं आणि संध्याकाळीच मी तुमच्या चॅटवर फोटो टाकले. तेव्हापासून तीन वेगवेगळ्या लोकांनी मला तीन वेगवेगळी उत्तरं दिली, एकाने बेड लेव्हल करा सांगितलं, दुसऱ्याने नोझल साफ करा, तिसरा म्हणाला फक्त फ्रेमची प्लेट पाठवतो तुम्हीच बदला. यातलं काहीच मला पटलेलं नाही आणि का पटलं नाही ते एकदा नीट लिहितो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगायला नको.

आधी फ्रेम. मशीनची उभी प्लेट ॲक्रिलिकची आहे, तिच्या डाव्या बाजूला खाली झेडची मोटर ज्या स्क्रूंनी बसते त्यातल्या एका भोकापासून तडा निघालाय आणि साधारण सात सेंटीमीटर वर गेलाय. समोरून बघितलं तर पटकन दिसत नाही, टॉर्च तिरका धरला की चांदीसारखी रेघ चमकते. तुमच्या माणसाने तो फक्त वरचा ओरखडा आहे असं लिहिलं म्हणून मी प्लेटच्या वरच्या टोकाला हाताने हलकंसं मागे ढकललं आणि त्याचा व्हिडिओ काढला, त्यात फट उघडताना आणि मिटताना स्पष्ट दिसते. ओरखडा असा उघडमिट करत नाही.

हा तडा नुसता दिसायला वाईट आहे म्हणून मी तक्रार करत नाहीये. मोटर त्याच भोकावर टेकलेली आहे, एक्सचा आडवा भाग डावीकडे त्याच मोटरवर तोललेला आहे, त्यामुळे ती बाजू जागेवर राहतच नाही. मी एक्सचा रॉड दोन्ही टोकांना बेसपासून सारख्या उंचीवर आणला, मग झेड शंभर मिलिमीटर वर-खाली दोनदा नेला आणि परत मोजलं तर डावं टोक तीन मिलिमीटर खाली. पुन्हा सारखं केलं, पुन्हा तेच. पहिल्या लेयरची जाडी असते ०.२ मिलिमीटर, आता तुम्हीच सांगा बेड कितीही वेळा लेव्हल केला तरी काय उपयोग? बेड लेव्हलिंगने बेड जुळतो, त्याच्या वरचं गँट्रीच हलत असेल तर कागद एका कोपऱ्यात अडकतो आणि पाच मिनिटांनी तोच कोपरा मोकळा होतो, माझ्याकडे अगदी हेच झालं.

आता एक्स्ट्रूडर. पीएलए टाकून प्रिंट लावली की पहिली आठ-दहा मिनिटं सगळं छान चालतं आणि मग टक, टक, टक सुरू होतं, गिअर मागे उडी मारतो, फिलामेंटवर खड्डा पडतो आणि लेयरमधे पट्टे रिकामे राहतात. नोझल बेडच्या फार जवळ असली तरी असा आवाज येतो हे मला माहीत आहे, म्हणून ते कारण आधी बाजूला काढलं. नोझल बेडपासून पन्नास मिलिमीटर वर नेली आणि हवेतच फिलामेंट सोडलं, कमांड या होत्या:

```
M109 S200
G91
G1 Z50
M83
G1 E100 F60
```

शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा पाठवत राहिलो. F60 म्हणजे सेकंदाला एकच मिलिमीटर, इतक्या हळू वेगाला कुठलाही धड हॉटएंड सहज सोडतो. पहिल्यांदा पूर्ण शंभर मिलिमीटर गेले, मोजून पाहिलं, पण नवव्या मिनिटाला हवेतसुद्धा टकटक सुरू! म्हणजे बेडचा संबंध नाही. मग ट्यूब हॉटएंडच्या बाजूने काढली आणि नुसत्या ट्यूबमधून फिलामेंट ढकललं तर पंधरा मिनिटं एकही टक नाही, म्हणजे मोटर, गिअर, स्प्रिंग सगळं ठीक आहे, अडतंय ते हॉटएंडमधे, आणि तेही गरम झाल्यावर थोड्या वेळाने.

वेळ लागतोय हेच मला महत्त्वाचं वाटलं. नोझलमधे कचरा असता तर पहिल्या मिनिटापासून अडलं असतं. म्हणून हीटसिंकचा छोटा पंखा बघितला तर तो फिरतच नाहीये. हा पंखा मशीन तापलेलं असेपर्यंत सतत चालायला हवा, नाहीतर नोझलची उष्णता हळूहळू वर चढते आणि पीएलए साधारण साठ अंशालाच मऊ पडायला लागतं, मग ते वितळायच्या जागेच्या आधीच फुगून नळीत घट्ट बसतं. मी फिलामेंट बाहेर ओढलं तेव्हा टोकापासून बरंच वर फुगीर गाठ होती, फोटो जोडलाय. खात्रीसाठी टेबलफॅनची हवा हीटसिंकवर सोडून तीच चाचणी पुन्हा केली, पंचवीस मिनिटं एकही टक नाही. फॅन बंद केला आणि थोड्याच वेळात परत सुरू.

पंखा का फिरत नाही तेही सांगतो. त्याच्या डब्याचा एक कोपरा फुटून आत दबलाय आणि पातं त्यावर घासतंय. तो कोपरा पण डावीकडचाच आहे. आणि पार्सलच्या खोक्याचा डावा खालचा कोपरा चेपलेला होता, आतल्या थर्माकोलचा तोच भाग दोन तुकडे झालेला, खोकं उघडायच्या आधीचा फोटो आहे माझ्याकडे, त्यात टेप जशीच्या तशी दिसते. म्हणजे खोकं त्या कोपऱ्यावर पडलं आणि तडा, पंखा दोन्ही त्याच एका आदळण्याने झालं असं मला वाटतं. माझ्या जोडणीची चूक म्हणायचं असेल तर मी खोलायच्या आधीच चेपलेल्या कोपऱ्याचं काय करायचं ते पण सांगा.

आता प्लेट पाठवतो या उत्तराबद्दल. ती प्लेट बदलायची म्हणजे दोन्ही झेड मोटर, रॉड, बेल्ट, वायरिंग, सगळं उतरवून गुण्या लावून परत काटकोनात बांधायचं, जवळपास अख्खं मशीन नव्याने जोडायचं. मी तयार जोडून येणारं मशीन विकत घेतलंय, तुम्हीच ते विक्रीच्या पानावर लिहिलंय. आणि ते केल्यावरही पंखा वेगळा, शिवाय त्या आदळण्यात रॉड किंवा लीडस्क्रू वाकलाय का ते कळायला आणखी चार दिवस जाणार, तोवर परत करायची मुदत संपणार. ॲक्रिलिक चिकटवून घ्या असं कोणीतरी सुचवलं, ते तर नकोच, मोटरच्या थरथरीत भोकापाशी तोच तडा पुन्हा पुढे सरकणार.

मला पूर्ण मशीन बदलून हवंय, नवीन सीलबंद, आणि पॅकिंगमधे त्या कोपऱ्यांना जाड फोम घालून. स्टॉक नसेल तर डिलिव्हरीच्या पैशांसकट पूर्ण रिफंड द्या. पिकअप तुमच्या खर्चाने, खोकं आणि थर्माकोल मी जपून ठेवलंय. तोवर मशीन बंदच आहे, हॉटएंडचा पंखा चालत नसताना दोनशे अंशाचं यंत्र मी घरात चालवणार नाही.

फोटो सहा आणि व्हिडिओ तीन जोडलेत. दोन कामाच्या दिवसांत पिकअपची तारीख कळवा, आणि कृपया चॅटवर नको, याच ईमेलला लेखी उत्तर द्या.