कर्जत बुलेटिन: सोमवारपासून नाव एकाच पद्धतीने

दादर डेस्कवरील सर्वांसाठी,

गेल्या आठवड्यात एकाने शीर्षकात नुसतं ‘कर्जत’ लिहिलं आणि खाली अहिल्यानगरच्या कर्जतवाल्यांनी ‘हा रस्ता आमच्याकडे कुठे?’ म्हणून विचारलं. चूक त्यांची नव्हती. म्हणून जिल्हा लिहायचाच.

शीर्षक: कर्जत (रायगड) बातम्या | 5 जानेवारी 2026

फाइल:
```
2026-01-05_karjat-raigad.mp4
```

फाइलमध्ये वर्ष आधी, महिना-दिवस दोन आकडी. तरच फोल्डरमध्ये भाग तारखेच्या क्रमाने लागतात. ‘5-1-26’ लिहिलं की जानेवारी-फेब्रुवारीची खिचडी होते.

तारीख बुलेटिनची, अपलोडची नव्हे. रात्री बारानंतर चढवलं तरी तीच. ‘रेकॉर्डिंग डेट’मध्येही तीच भरा.

जुनी शीर्षकं रात्रपाळीने शनिवारपर्यंत बदलावीत. लिंक बदलत नाही. व्हिडिओ काढून पुन्हा चढवू नका, व्ह्यूज जातील.