आंब्याची ती फोड

गुहागर, रविवार रात्र

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

छोटूला पहाटेपासून तीनदा पातळ झालं म्हणालीस आणि मी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. पुढे बोलले असते तर आपण पुन्हा गुरुवारच्या पडवीतल्या भांडणावरच आलो असतो. लिहिताना माझा आवाज चढत नाही, म्हणून लिहिते. दादा याचा फोटो काढून लगेच पाठवेल. आधी एवढं कळव, दुपारपासून त्याला शू झाली का?

गुरुवारी फोड त्याच्या हातून निसटली, तू उचललीस, फुंकर मारलीस आणि ‘आई, पाच सेकंदसुद्धा झाले नाहीत’ म्हणत परत त्याला दिलीस. मी ती हिसकावेपर्यंत त्याने एक घास घेतलाच होता. जावईबापूंसमोर मी ओरडायला नको होतं, चुकलंच माझं. फोड फेकली ते मात्र चुकलं नाही.

खाली पडलेलं पाच सेकंदांच्या आत उचललं तर जंतू लागत नाहीत म्हणतात, तू गेल्यावर मी त्याविषयी शोधून वाचलं. अमेरिकेत रट्गर्स विद्यापीठातल्या दोघांनी 2016 साली हेच तपासलं होतं. स्टील, फरशी, लाकूड आणि गालिचा यांवर जंतू लावले आणि वरून कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव, चिवट गोळी असं टाकून पाहिलं. जास्त वेळ पडलं तर जंतू जास्त लागतात, हे खरंच. पण काही वेळा एका सेकंदाच्या आतही ते लागले. सगळ्यात जास्त लागले कलिंगडाला, सगळ्यात कमी गोळीला. म्हणजे चिकटपणापेक्षा ओलावा महत्त्वाचा. त्याच्या हातून आंबापोळीचा तुकडा पडला असता तर मी एवढी घाबरले नसते. हापूसची फोड म्हणजे कलिंगडच, रसाने निथळणारी. त्यात आपली फरशी गुळगुळीत, आणि गालिच्यापेक्षा फरशीवरून जंतू जास्त लागले होते. फुंकरीने धूळ उडते गं, रसात उतरलेलं नाही उडत.

आणि ती फरशी कसली होती ते मला माहीत आहे. सकाळी कोंबड्या तिथून फिरल्या होत्या. बाबा गोठ्यातून अनवाणी आले होते. मी पुसली, पण ज्या फडक्याने गोठ्याची पायरी पुसली त्याच फडक्याने. तुझ्या फ्लॅटमधल्या कोरड्या फरशीवर बिस्कीट पडलं तर मी काही बोलणार नाही. बहुतेक वेळा काही होतही नाही. पण रक्ती आव करणारे काही जंतू दहा ते शंभर पोटात गेले तरी पुरतात, आणि छोटू दीड वर्षाचा आहे.

बघ, लागले पुन्हा शिकवायला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं त्याची खोड आहे, रागावू नकोस. त्याच फोडीने झालं असंही मी म्हणत नाही. बसमधलं पाणी असेल, आणखी काही असेल. संध्याकाळी त्याच्या दहीभातावर माशी बसली, ती तू नुसती हाकललीस, तेही असेल. माशीला दात नसतात. घट्ट अन्नावर ती आधी पोटातलं ओकते, ते विरघळवते आणि मग शोषते. त्याआधी ती शेणावर किंवा मासळीच्या घाणीवर बसली असेल तर तेच भातावर येतं. गरम भातावर क्षणभर टेकली आणि लगेच खाल्लं तर भीती थोडी. पण तो भात तासभर उघडा होता.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं तेव्हा. तू दोन वर्षांची होतीस, मे महिनाच. बरक्या फणसाचे गरे परातीत सकाळपासून उघडे, माश्या घोंगावताहेत, आणि दुपारी मीच तुला भरवले. दुसऱ्या रात्री तुझे डोळे खोल गेले. रडत होतीस, पण पाणी नव्हतं डोळ्यांत. सलाईन लावायला शीर सापडेना. तुझा तळहात माझ्या दोन बोटांएवढा. पडवीत मी ओरडले ते तुझ्यावर नव्हतं, सोनू.

ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालव. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट. दर पातळ शीनंतर अर्धा ते एक छोटा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. तुझं दूध आणि त्याचं जेवण बंद करू नकोस. शी थांबवायचं औषध मनाने देऊ नकोस. रक्त दिसलं, सहा तास शू झाली नाही, डोळे खोल गेले किंवा उठवूनही नीट जागा होईना, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे ने. छोटूला रात्रभर हाका मारून बघणं मला इथून जमत नाही.

तू हे सगळं करतच असशील. तू माझ्यापेक्षा शांत डोक्याची आई आहेस, त्या दिवशी बसमध्ये त्याला कसं झोपवलंस ते बाबा अजून सांगतात.

आंबापोळी वाळत घातली आहे, वर जुनी नऊवारी चारही बाजूंनी दाबून. बाबा दिवसातून दोनदा कोपरे बघून येतात.

शू झाली की कळव, कितीही वाजले असले तरी.

तुझी
आई