घरात नफा भरा, उलाढाल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला किंमतयुद्धावरचा लेख वाचला. दोन स्पर्धकांच्या चालींचे निकाल मांडणारा गेम थिअरीचा चार घरांचा तक्ता दैनिकात छापून येतो, ही आनंदाचीच गोष्ट. फक्त लेखकमहाशयांनी त्या घरांत नफ्याऐवजी उलाढाल भरली आहे.

त्यांचेच आकडे घेऊ. किंमत १०, नगामागे खर्च ६. दोघांनी किंमत टिकवली तर प्रत्येकी ५० नग खपतात. एकाने ती ८ केली तर त्याचे ९० आणि दुसऱ्याचे २०. दोघेही ८ वर आले तर प्रत्येकी ६५. छापलेल्या तक्त्यात शांततेच्या घरात ५०० आणि युद्धाच्या घरात ५२० आहेत. म्हणजे भांडून दोघांचेही भले झाले! आणि याला नाव दिले आहे 'कैद्यांचा पेच'. त्या पेचात एकट्याने दगा देणे प्रत्येकाला फायद्याचे असते, पण दोघांनी दिला तर दोघांचेही नुकसान व्हावे लागते, ही किमान अट.

आता नफा भरून पाहा. शांततेत प्रत्येकी २००. किंमत पाडणाऱ्याला नगामागे २ च उरतात, म्हणून ९० नग विकूनही १८०, दुसऱ्याला ८०. दोघांनी पाडली तर १३०-१३०. समोरचा १० वर ठाम असेल तर पाडणाऱ्याचे २० जातात. मग तो पाडेल कशाला? मात्र समोरच्याने आधीच पाडली असेल, तर ८० वर बसण्यापेक्षा १३० बरे. म्हणजे एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही, असे समतोल इथे दोन आहेत, पेच नाहीच. किंमत २० टक्क्यांनी उतरली तरी नगामागचा नफा निम्मा होतो. तेव्हा ५० चे १०० नग झाले तर कुठे बरोबरी. पाडणाऱ्याचा खप ११० वर गेला, तर नफा २२० होतो आणि खरा पेच तिथे सुरू होतो.

तरीही युद्ध अटळ नाही, कारण हा डाव दर महिन्याला पुन्हा मांडला जातो. एकदा २० जादा मिळवायचे आणि पुढे दर महिन्याला ७० गमवायचे, हा सौदा उतावळाच करेल. मग युद्धे पेटतात कशी? ग्रीन आणि पोर्टर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दिलेल्या उत्तराच्या धर्तीवर सांगायचे तर: समोरच्याने गुपचूप दिलेली सवलत दिसत नाही, दिसतो फक्त आपला घटलेला खप. तो बाजार मंदावल्यामुळेही घटलेला असू शकतो, पण आपणही किंमत पाडून शिक्षा केली नाही तर उद्या कोणीही सवलत देईल. म्हणून कोणी दगा दिलेला नसतानाही किमती कोसळतात. लेखात मात्र दोष थेट मालकांच्या 'अहंकारा'ला.

जाता जाता: घरातला पहिला आकडा कोणत्या कंपनीचा, हे तक्त्याखाली लिहायचे असते. आडव्या ओळीतल्या कंपनीचा आकडा आधी, असा रिवाज आहे. त्या जागेवर तुम्ही कुस्तीगिरांचे व्यंगचित्र छापले आहे.

आपला,
एक वाचक