बालवाडीच्या ताईंना, एका आईकडून

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

आमच्या साडेचार वर्षांच्या थोरलीला तुम्ही ‘हेवा’ हा शब्द ज्या रीतीने शिकवला, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पुण्यात आमच्यासारख्या दोन लहान मुलांच्या अनेक घरांना ही रीत उपयोगी पडेल, म्हणून ते सर्वांसाठी खुले ठेवते.

धाकट्याच्या बारशानंतर थोरली त्याचा खुळखुळा लपवू लागली आणि मी त्याला मांडीवर घेतले की त्याला चिमटे काढू लागली. विचारले की ती एवढेच म्हणे, “मला राग येतो.” तुम्ही आम्हाला समजावले, की आनंद, राग, रडू हे चेहऱ्यावर दिसते, म्हणून मुले ते शब्द लवकर उचलतात; हेव्याला मात्र स्वतःचा असा चेहरा नसतो. तो कधी रागासारखा दिसतो, कधी रुसव्यासारखा, आणि म्हणून तो चेहऱ्यावरून नव्हे, प्रसंगावरूनच ओळखायला शिकवावा लागतो.

त्यासाठी तुम्ही रचलेली पोपटाची गोष्ट आमच्या घरी आता सर्वांना पाठ आहे. आजीच्या खांद्यावर रोज बसणारा पोपट, एके दिवशी अंगणात आलेली जखमी चिमणी, आणि तिला ओंजळीत धरून बसलेली आजी. गोष्टीत भाऊ किंवा बाळ तुम्ही जाणूनबुजून ठेवले नाही, कारण गोष्ट आपल्यावरच बेतलेली आहे हे कळले की मूल ऐकणे सोडून बचाव करू लागते. मध्येच थांबून तुम्ही विचारलेत: पोपटाला काय हवे आहे? ते आत्ता कुणाला मिळाले आहे? त्यामुळे पोपटाला काय वाटत असेल? मुलांनी आपापल्या शब्दांत उत्तरे दिल्यानंतरच तुम्ही म्हणालात, “पोपटाला चिमणीचा हेवा वाटला.” आधी प्रसंग मनात उभा राहिला आणि मग त्याला नाव मिळाले, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पण एका गोष्टीने शब्द पक्का होत नाही, हेही तुम्ही बजावले होते. तुमच्या सांगण्यावरून सासूबाई एकदा तिच्यासमोर सहज म्हणाल्या, “शेजारच्या वहिनींची तुळस किती बहरली आहे! मला त्यांचा हेवा वाटला, म्हणून मी त्यांना विचारूनच आले की खत कोणते घालता.” मोठ्या माणसांनाही हेवा वाटतो आणि त्यानंतर काहीतरी चांगले करता येते, हे तिला उपदेशाविना कळले. मग आम्ही जवळजवळचे प्रसंग शेजारी शेजारी ठेवले: बाळाने तुझा ठोकळ्यांचा मनोरा पाडला तर काय वाटते, आणि बाळ आईच्या मांडीवर असताना काय वाटते? पहिल्याला ती राग म्हणाली. दुसऱ्याला बराच वेळ गप्प राहून हेवा म्हणाली.

शब्द अर्धवट समजल्याची खूणही तुम्ही आधीच सांगून ठेवली होती. काही दिवसांनी ती म्हणाली, “मला श्रीखंडाचा हेवा वाटतो.” आम्ही तिला चूक म्हटले नाही, फक्त “कुणाचा?” एवढेच विचारले. कुणीच सापडेना, तेव्हा तिचे तिलाच कळले की हे नुसते हवेसे वाटणे आहे. हेवा वाटायला समोर दुसरे कुणीतरी लागते.

सर्वांत महत्त्वाची वाटली ती तुमची मर्यादेविषयीची सूचना. चिमटा काढल्या क्षणी हा शब्द वापरू नये, कारण रडण्याच्या भरात नवा शब्द कानात शिरत नाही आणि तो शिक्षेसारखा लागतो. आधी हात धरून चिमटा थांबवावा, ती शांत झाल्यावर “हेवा वाटला का?” असे विचारावे, आणि ती “नाही” म्हणाली तर ते मान्य करावे. तिला हेवेखोर मात्र कधीही म्हणू नये. खरे सांगायचे तर शब्द आला म्हणून चिमटे लगेच थांबले नाहीत. पण आता कधीकधी ती चिमट्याऐवजी “मला हेवा वाटतोय, मला पण घे” असे म्हणते, आणि मग मला काय करायचे ते कळते.

गणपतीत आरतीचे तबक तिच्या हाती दिले, तेव्हा मामेभाऊ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “दादाला माझा हेवा वाटतोय. पुढची आरती त्याला देऊ या?” कुणी न विचारता, दुसऱ्याच्या मनाविषयी तिने हा शब्द वापरला तेव्हा तो तिचा झाला, असे मी समजते.

आता तिला ‘शूर’ हा शब्द शिकवायचा आहे. इंजेक्शन घेताना न रडणाऱ्यालाच सगळे शूर म्हणतात, त्यामुळे भीती वाटणारा शूर नसतो असा तिचा समज झाला आहे. पोपटासारखी एखादी घाबरट पण शूर व्यक्तिरेखा तुम्ही सुचवलीत, तर या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिच्यापासून सुरुवात करू.

आपली कृतज्ञ,
तुमच्या वर्गातील एका मुलीची आई
पुणे