पडक्या विहिरीचे ८८ शब्द

सातारा

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तू पाठविलेले प्रश्नपत्रिकेचे छायाचित्र मिळाले. शेवटची ओळ कागदाच्या घडीत दबली होती, म्हणून ते मोठे करून पाहिले. 'पडक्या विहिरीचे मनोगत' या विषयाखाली कंसात '८० ते १०० शब्द' असे छापले आहे. केतनचा निबंध मी मोजला, तो १७४ शब्दांचा भरला. मात्र नुसती कात्री लावून भागणार नाही, कारण पहिले ५२ शब्द 'पाणी म्हणजे जीवन' हे सांगण्यातच खर्ची पडले आहेत आणि विहीर बोलू लागते ती थेट दुसऱ्या परिच्छेदात. मनोगतात तिने पहिल्याच वाक्यात तोंड उघडले पाहिजे आणि ती पडकी आहे, हेही तिथेच कळले पाहिजे. मी स्वतः लिहून पाहिले, ते असे:

'ये बाळा, जपून. माझा कठडा ढासळला आहे. ज्या दगडावर तू उभा आहेस, तेथे माझे थारोळे होते. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई आणि भरलेली मोट वर येऊन येथे रिती होई. ते पाणी पाटाने उसाला जाई. पुढे इंजिन आले, मोट वळचणीला गेली. मग शेजारच्या रानात कूपनलिका खोदल्या गेल्या आणि माझे झरे एकेक करून आटले. रिकामी दिसताच लोकांनी माझ्यात कचरा टाकला. लग्नातल्या पत्रावळी, फुटक्या बाटल्या, सारे माझ्या पोटात आहे. पण तळाशी एक झरा अजून जिवंत आहे. गावाला सांग, गाळ उपसा, पावसाचे पाणी माझ्याकडे वळवा. तुझ्या मुलांना मी पुन्हा पाणी पाजीन.'

हे ८८ शब्द झाले. पहिल्या खर्ड्यात काठावरून सूर मारणारी मुलेही होती. ती काढताना जिवावर आले, पण ती ठेवली असती तर झरे का आटले हे सांगायला जागाच उरली नसती, आणि विहीर पडकी का झाली याचे उत्तर तर त्याच वाक्यात आहे.

आणखी एक गोष्ट केतनला आवर्जून सांग. त्याने 'विहिरी जवळ', 'काठा वर' असे तोडून लिहिले आहे. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचे असते. 'विहिरीजवळ' हा एकच शब्द. तोडल्याने शुद्धलेखनाची चूक तर होतेच, शिवाय मोजणीही उगाच फुगते. परीक्षेत त्याने शब्द मोजत बसू नये. त्याच्या अक्षरात एका ओळीत सात-आठ शब्द बसतात, म्हणजे बारा ओळी झाल्या की निबंध मर्यादेत आला असे समजावे.

माझा मजकूर मात्र त्याला पाठ करू देऊ नकोस. आजोळची विहीर त्याने आत डोकावून पाहिली आहे. तिच्यावर बारा ओळी लिहून त्याने मला पाठवाव्यात. मी वाट पाहतो.

तुझा,
मोहन