ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या सुरक्षा सूचना मराठीत न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: आयात केलेल्या पाच लिटर क्षमतेच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसोबत केवळ इंग्रजी मॅन्युअल दिल्यामुळे वृद्ध रुग्णाला निर्माण झालेला धोका

महोदय / महोदया,

माझी आई सांगलीला राहते. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यातली बरीच वर्षे चुलीच्या धुरात गेली आणि आता तिला सीओपीडी आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही आपल्याकडून कॉन्सन्ट्रेटर घेतला. मशीन उत्तम चालते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या मॅन्युअलबद्दल. ते बारीक अक्षरातल्या इंग्रजीत आहे. आईला आणि तिची दिवसभर काळजी घेणाऱ्या मावशींना फक्त मराठी वाचता येते. मी बंगळुरूला असते.

मशीन बसवायला आलेल्या आपल्या माणसाने बटण, नळी आणि पाण्याची बाटली दाखवली. धोक्याच्या सूचनांबद्दल तो काहीच बोलला नाही. मग मावशींनी मॅन्युअलच्या पानांचे फोटो काढले आणि फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने ते मराठीत वाचले. त्यातून काय झाले ते आपण नीट वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरक्षेच्या पानावर एक मोठा चौकोन आहे. त्याच्या कोपऱ्यात लाल गोल आणि त्यावर तिरपी रेघ, म्हणजे मनाईची खूण. खाली फक्त नावे दिली आहेत: तेल, ग्रीस, पेट्रोलियमयुक्त मलमे. ‘वापरू नका’ हे शब्द तिथे कुठेही नाहीत, सगळी मनाई त्या खुणेत आहे. फोन अक्षरे वाचतो, खूण वाचत नाही. मराठीत उतरली ती फक्त यादी, आणि मावशींना वाटले की नळीने नाक कोरडे पडते त्यावर कंपनीने हे उपाय सुचवले आहेत. त्या आईच्या नाकपुड्यांना पेट्रोलियम जेली लावू लागल्या. ऑक्सिजन वाढलेल्या हवेत तेलकट पदार्थ फार सहज पेट घेतो, आणि इथे तो नळीच्या अगदी तोंडाशी, चेहऱ्यावर होता. नाकासाठी पाण्यावर आधारित जेल चालते, पण ते वाक्य दोन पाने पुढे आहे.

त्याच पानावर मजकूर दोन रकान्यांत छापला आहे. फोटोत फोनने डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला सरळ जोडली आणि दोन वेगळ्या सूचनांची एक निरर्थक सूचना झाली. मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याकडे आले तेव्हा आकार कमी होऊन अक्षरे पुसट झाली होती. शेवटी मावशींना एका वेळी एकच रकाना उघडा ठेवून, दुसऱ्यावर कोरा कागद धरून, घडीचा बाक सरळ करून फोटो काढायला सांगितले आणि ते डॉक्युमेंट म्हणून मागवले. तेव्हा कुठे मला सगळे वाचता आले आणि मी हाताने मराठीत लिहून काढले. हे काम आपले होते.

लिहिताना दुसरी गोष्ट लक्षात आली, ती मला सर्वांत गंभीर वाटते. मॅन्युअलमध्ये पहिलीच सूचना धूम्रपानाची आहे. मी ती फोनवर वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, “अगं, मी कुठे विडी ओढते? हे मला लागू नाही.” तिचे बरोबरच होते. पण तिची खाट आणि देवघर एकाच खोलीत होते. रोज संध्याकाळी समई, उदबत्ती, सणाला निरांजन. डासांची कॉइल खाटेखाली. ‘उघडी ज्योत’ हे दोन शब्द मॅन्युअलमध्ये आहेत, पण आमच्या घरातल्या समईपर्यंत ते पोचत नाहीत. आपण मशीन महाराष्ट्रात विकता, तेव्हा समई, निरांजन, उदबत्ती, धूप, कॉइल आणि गॅसची शेगडी ही नावे लिहिलीच पाहिजेत.

अंतराचेही तसेच. ज्योतीपासून किमान तीन मीटर लांब राहावे, असे मॅन्युअल सांगते. ते वाचून मावशींनी मशीन माजघरात ठेवले आणि त्यांना वाटले की काम झाले. पण मशीनसोबत लांब नळी येते. आई ती नळी लावूनच स्वयंपाकघरात जायची आणि चहासाठी गॅस पेटवायची. मशीन ज्योतीपासून पुरेसे दूर, आणि ऑक्सिजन सोडणारे टोक शेगडीवर वाकलेले! अंतर नाकाशी असलेल्या नळीच्या टोकापासूनही मोजायचे असते, हे कुठेही चित्र काढून दाखवलेले नाही. नळीने पेट घेतला तर ज्वाला ऑक्सिजनच्या मागोमाग थेट चेहऱ्याकडे येते. शिवाय चालू मशीनची नळी खाटेवर काढून ठेवली तर ऑक्सिजन चादरीत, गोधडीत साठत राहतो. म्हणून नळी काढली की आधी मशीन बंद करायचे असते. हे आईला एका वाक्यात सांगितल्याबरोबर समजले. आता देवघर दुसऱ्या खोलीत हलवले आहे, तिथे विजेची समई आहे, आणि चहा मावशी करतात.

तिसरी बाब प्रवाहाची. डॉक्टरांनी दीड लिटर ठरवून दिला आहे आणि बोटाच्या यंत्रावर ८८ ते ९२ टक्के पुरे, असे सांगितले आहे. सीओपीडीच्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. मशीन मात्र पाचपर्यंत जाते. मावशींना ९० हा आकडा कमी वाटला आणि एका रात्री त्यांनी काटा तीनवर नेला. सकाळी आईचे डोके दुखत होते आणि ती नेहमीपेक्षा सुस्त होती. डॉक्टरांना फोन केल्यावर प्रवाह लगेच पूर्ववत केला. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रवाह बदलू नये’ हे वाक्य फोनने बरोबर मराठीत आणले होते. पण वाढवला तर काय होते आणि ते कशावरून ओळखायचे, हे मूळ मॅन्युअलमध्येच नाही. कारण कळल्याशिवाय प्रेमाने काळजी घेणारे माणूस काटा वाढवणारच.

आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर सांगितले की इंग्रजी मॅन्युअल दिले म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली. ते मला मान्य नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ मध्ये, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसल्यास उत्पादकावर दायित्व ठेवले आहे, आणि आयात करणारा त्याच कायद्यातल्या उत्पादन विक्रेत्याच्या व्याख्येत येतो. जी भाषा रुग्णाला वाचताच येत नाही, त्या भाषेतला इशारा तिच्यासाठी पुरेसा कसा?

माझी मागणी अशी. सुरक्षेच्या सूचनांचे मोठ्या अक्षरातले एक मराठी पान तयार करावे, ते औषधशास्त्र आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे, आणि माझ्यासह आतापर्यंतच्या सर्व ग्राहकांना छापील पाठवावे. त्यात मनाई खुणेवर न सोडता ‘लावू नका’, ‘पेटवू नका’ असे प्रत्येक ओळीत लिहावे. मशीनच्या अंगावर, काट्याच्या शेजारी, डॉक्टरांनी ठरवलेला आकडा लिहिण्यासाठी मराठी स्टिकर असावा. आणि मशीन बसवायला येणाऱ्या माणसाने घरातली देवघराची आणि शेगडीची जागा पाहूनच मशीन व नळीची जागा ठरवावी.

मी लिहून काढलेले मराठी पान सोबत जोडले आहे. ते वापरायला माझी हरकत नाही, पण तपासल्याशिवाय वापरू नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

आपली,
ग्राहक व रुग्णाची मुलगी

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, मॅन्युअलच्या सुरक्षा पानांचे फोटो, फोनने केलेल्या भाषांतराचे स्क्रीनशॉट, हाताने केलेले मराठी भाषांतर