नफ्यातला वाटा आणि वाडग्यातला रंग

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या सलूनमधल्या मुलांना नफ्यात वाटा द्यावा असे तुझ्या मनात आहे आणि टक्का किती ठेवावा, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. उत्तर लांबले, कारण मी ज्या सलूनचे हिशेब पाहतो तिथल्या ताई हीच योजना जाहीर करणार होत्या आणि त्यांचे बोलणे ऐकल्याशिवाय तुला काही लिहू नये असे वाटले. गेल्या सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, आठव्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम झाला. चौदा माणसे, खुर्च्या आरशांकडे पाठ करून मांडलेल्या, बटाटेवडे आणि गुलाबजाम. भाषण म्हणायचे तर ते चाळीस मिनिटांचे होते, पण त्यातला आभाराचा भाग पाच मिनिटांत आटोपला.

त्यानंतर ताईंनी टेबलावर रंग कालवायचा एक वाडगा आणि छोटा वजनकाटा ठेवला. गेल्या आठवड्यात रोज रात्री वाडग्यांत उरलेला रंग त्यांनी स्वतः वजन करून लिहून ठेवला होता. सात नव्हे, सहाच दिवसांचा तो रंग ६४० ग्रॅम भरला. एक भाग रंगाला दीड भाग डेव्हलपर असे आपण कालवतो, म्हणजे त्यात निव्वळ रंग २५६ ग्रॅम. साठ ग्रॅमच्या चार ट्यूबा पुऱ्या आणि पाचवीला हात घातलेला. हे सगळे बेसिनमध्ये गेले. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला असला, तरी मालावर आणि भाड्यावर भरलेल्या कराची वजावट बंद झाली आहे, त्यामुळे वाया गेलेल्या ट्यूबेवरचा करही आता दुकानाच्याच अंगावर पडतो. ताई म्हणाल्या, "आजवर हा रंग माझा होता. एप्रिलपासून तो थोडा तुमचाही असेल, म्हणून आज दाखवला."

मग त्यांनी नफा म्हणजे काय ते सांगितले, आणि मला विचारशील तर सगळ्या भाषणाचा कस तिथेच होता. टक्का सांगणे सोपे असते. तो कशाचा, हे मालक सहसा मोघम ठेवतात आणि वर्षभराने भांडण तिथूनच सुरू होते. ताईंनी ऑक्टोबर ते डिसेंबरचा कागद प्रत्येकाच्या हातात दिला. जीएसटी वगळून जमा २७,००,०००. पगार, इन्सेंटिव्ह, बोनसची तरतूद, भाडे, माल, वीज, टॉवेलांची धुलाई, जाहिरात, खुर्च्या-यंत्रांची झीज आणि ताईंचा स्वतःचा महिन्याचा ८०,००० पगार, असा एकूण खर्च २३,४०,०००. उरले ३,६०,०००. ८०,००० च्या आकड्यावर मागच्या रांगेत कुजबुज झालीच. ताईंनी ती ऐकली आणि सांगितले, की त्या उद्या आजारी पडल्या तर त्यांच्या जागी व्यवस्थापक ठेवायला तेवढे पैसे लागतीलच. तो खर्च धरला नाही तर कागदावरचा नफा खोटा ठरेल. उलट त्यांच्या माहेरची माणसे फुकट फेशियल करून जातात, त्याचे बिल यापुढे त्यांच्या खासगी खात्यावर पडेल. यावर मात्र सगळे हसले.

जमेच्या बाजूला माझीच एक चूक लपली होती, ती तुला सांगून ठेवतो, कारण तूही मेंबरशिप विकतोस. दिवाळीत आम्ही १०,००० भरा आणि १२,००० ची सेवा घ्या, अशी कार्डे विकली. पहिल्या मसुद्यात मी ते सगळे पैसे जमेत धरले आणि नफा जवळपास दुप्पट दिसू लागला. ताईंनी विचारले, "हे केस अजून कापलेत कुठे?" खरेच होते. ते पैसे सेवा दिली जाईल तसतसे जमेत यायला हवेत, तोवर ते ग्राहकाचे देणे आहे. त्यातून वाटा दिला असता तर उन्हाळ्यात त्याच ग्राहकांची कामे करताना गल्ल्यात काही आले नसते आणि खर्च मात्र तेवढाच राहिला असता.

आता वाटणी. तिमाहीचे पहिले १,५०,००० दुकानात राहतील, नव्या यंत्रांसाठी आणि अडीअडचणीसाठी. उरलेल्या २,१०,००० चे तीस टक्के म्हणजे ६३,००० कर्मचाऱ्यांचे. नोकरीला तीन वर्षे न झालेल्याला एक गुण, पुढच्याला दोन. आमच्याकडे दोन्हीकडचे सात-सात आहेत, म्हणजे एकवीस गुण आणि गुणामागे ३,०००. त्यातले २,००० लगेच हातात आणि १,००० मार्चअखेरपर्यंत राखून. हे राखून ठेवणे का, ते तुला सांगायला नको: आषाढ सरला की श्रावणात लोक केसाला कात्री लावून घेत नाहीत, मागोमाग पितृपक्ष येतो, आणि जुलै ते सप्टेंबरची तिमाही आपल्या धंद्यात दरवर्षी कोरडी जाते. तिथे ४०,००० तोटा आला तर त्याचे तीस टक्के, म्हणजे १२,०००, राखलेल्या रकमेतून वजा होतील. हातात पडलेले पैसे किंवा पगार यांना हात लागणार नाही.

यावर शॅम्पूला उभ्या राहणाऱ्या मुलीने विचारले, की आम्ही भागीदार झालो का, म्हणजे कर्ज झाले तर आमच्या दारात कोणी येईल का? प्रश्न अगदी रास्त होता. १९३२ च्या भागीदारी कायद्यातच स्पष्ट आहे, की नोकराला मेहनताना म्हणून नफ्यातला वाटा मिळाला, एवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही. ताईंनी तेच सोप्या शब्दांत सांगितले, आणि हा वाटा पगारातच धरला जाईल हेही.

खरी नाराजी आली ती सर्वांत जास्त बिल करणाऱ्या कारागिराकडून. मी महिन्याला एवढे काम करतो आणि टॉवेल देणाऱ्याला माझ्याइतकेच दोन गुण कसे, असे तो म्हणाला. ताईंनी त्याला उत्तर दिले, की तुझ्या बिलावरचे इन्सेंटिव्ह तसेच आहे, त्यात मी हात घातलेला नाही. पण गेल्या महिन्यात रंग वेळेआधी धुतला गेला म्हणून तीन डोकी पुन्हा फुकट करावी लागली, ती कोणाच्या बिलात धरू? तो गप्प बसला, पटले असे नाही. मलाही वाटते की गुण ठरवताना हजेरी धरायला हवी होती. महिनाभर गावी राहणाऱ्याला पूर्ण वाटा मिळाला तर पुढच्या वर्षी कुरबूर होणारच. नोकरी सोडणाऱ्याच्या राखलेल्या रकमेचेही ताईंनी एका वाक्यात उरकले: महिनाभर आधी सांगून गेला तर मिळेल.

दर तिमाहीनंतरच्या महिन्यात दहा तारखेला हा कागद पॅन्ट्रीत लावायचा आहे, आणि तो तयार करायचे काम माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा वजनकाटा रंगाच्या कपाटाशेजारी होता आणि आखूड केसांच्या एका बाईंसाठी कोणीतरी तीस ग्रॅम रंग मोजून काढत होते. हे किती दिवस टिकते ते पाहायचे.

तुझ्या टक्क्याचे मात्र मी आज सांगत नाही. गेल्या दोन वर्षांचे जुलै ते सप्टेंबरचे आकडे पाठव, मेंबरशिपचे पैसे वेगळे काढून, आणि तुझा स्वतःचा पगार आधी लिहून. तू तो आजवर कधीच लिहिलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र